मेळाव्यात दीड मिनिट भेटलेल्या एचआरला मेल : या चुका टाळा

विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये शनिवारी रोजगार मेळावा होता. तेव्हा मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एचआरचं काम बघत होते. टेबलाच्या अलीकडे मी आणि आमचे क्वालिटीचे साहेब, पलीकडे सकाळी दहापासून रांग. चार वाजेपर्यंत बायोडाट्यांचा गठ्ठा वीतभर उंच झाला. दुपारनंतर चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात आणि घरी जाताना नीट आठवतात ते चार-पाच. सोमवारी मेल उघडले तर "आपल्याला भेटून आनंद झाला" म्हणणारे वीस-बावीस जण. कोण होते ते, देव जाणे.

त्यातला एक मेल मिरजेच्या एका मुलाचा होता. डिप्लोमा मेकॅनिकल. इंग्रजी स्वच्छ, एकही चूक नाही. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळाल्यास मी मनापासून मेहनत करीन, मी लवकर शिकतो, सोबत बायोडाटा जोडला आहे. मी तो वाचला आणि पुढच्या मेलवर गेले. वाईट काहीच नव्हतं, पण तोच मेल त्याने शेजारच्या स्टॉलवरच्या बँकेला पाठवला असता तरी चालला असता.

पहिली चूक : आपण आठवतो असं धरून चालणं

टेबलाच्या आतल्या बाजूला काय चालतं ते सांगते. उमेदवार पुढे सरकला की आम्ही त्याच्या बायोडाट्याच्या कोपऱ्यात पेनाने दोन शब्द खरडतो. "क्यूसी, नाइट ओके", "सीएनसी नाही, ड्रॉइंग येतं", नाहीतर नुसती एक चांदणी. नंतर गठ्ठा चाळताना तेवढाच आधार असतो. तुमच्या मेलमधलं वाक्य त्या खरडलेल्या दोन शब्दांशी जुळलं, तर हात आपोआप गठ्ठ्याकडे जातो. जुळलं नाही तर मेल तिथेच राहतो.

म्हणून स्टॉलवरून बाजूला झालात की लगेच, कंपनीच्या पत्रकाच्या मागे तीन गोष्टी लिहून ठेवा : समोर कोण होतं, त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं. पाच स्टॉल फिरून चहा प्यायला बसल्यावर लिहू म्हणाल, तर कोणी काय विचारलं याची खिचडी झालेली असते. नाव पूर्ण लिहा. नुसतं "पाटील सर" लिहून सांगलीत काय उपयोग? एकाच ऑफिसात तीन सापडतील.

मिरजेच्या मुलाने आठव्या दिवशी दुसरा मेल केला, पहिल्याच मेलच्या खाली. मूळ इंग्रजीत होता, मराठीत तो असा :

"शनिवारच्या मेळाव्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास आपल्या स्टॉलवर भेटलो होतो. आपण नाइट शिफ्टबद्दल विचारलंत, मी हो म्हणालो होतो. आपल्यासोबतच्या साहेबांनी व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारला, मी ०.०१ मिमी सांगितला. ते चुकलं. त्यांच्या हातातल्या व्हर्नियरवर ५० भाग होते, म्हणजे लीस्ट काउंट ०.०२ मिमी. ०.०१ हा मायक्रोमीटरचा. क्यूसी ट्रेनीच्या जागेसाठी माझा विचार व्हावा, ही विनंती. बायोडाटा पुन्हा जोडला आहे. मी मिरजेत राहतो आणि कधीही चाचणीला येऊ शकतो."

मी तो क्वालिटीच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "अहो मॅडम, हा तो व्हर्नियरवाला! काढा बघू त्याचा कागद." कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात "नाइट ओके, व्हर्नियर चूक" असं होतं.

चुकलेलं उत्तर मेलमध्ये काढायला मुलं घाबरतात, झाकली मूठ म्हणून सोडून देतात. पण मूठ झाकलेली नसतेच, ते कागदावर लिहिलेलं असतं. एका ओळीत, कारणासकट दुरुस्त केलं तर तपासणीच्या कामाला माणूस बरा आहे असंच वाटतं. मात्र एकच ओळ. "मी त्या वेळी घाबरलो होतो, सकाळपासून जेवलो नव्हतो" असं लिहायला लागलात की ओळीचं वजन गेलं.

मेलचा विषयही याच धाग्याचा असावा. "नोकरीसाठी अर्ज" या विषयाचे मेल आमच्याकडे वर्षभर येतात. "क्यूसी ट्रेनी, डिप्लोमा मेकॅनिकल, शनिवारचा सांगली मेळावा" असा विषय असला की न उघडताही समजतं. जागेचं नाव आधी घाला, कारण मोबाइलवर विषयाचा शेवट कापला जातो. कंपनी ट्रेनी आणि अप्रेंटिस दोन्ही घेत असेल, तर तुम्हाला कशात रस आहे तेही लिहा.

दुसरी चूक : आठ दिवस थांबणं

व्हर्नियरवाल्याची गोष्ट इथे थोडी कडू होते. आम्हाला दोन ट्रेनी हवे होते. त्याचा दुसरा मेल येईपर्यंत दोन्ही जागांसाठी चाचणी होऊन गेली होती. त्याला तीन महिन्यांनी, पुढच्या तुकडीला बोलावलं. हाच मजकूर पहिल्या मेलमध्ये असता तर तो पहिल्याच यादीत आला असता.

मेळावा संपल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी गठ्ठा एक्सेलमध्ये चढतो आणि दोन-तीन दिवसांत कुणाला फोन करायचा ते ठरतं. त्या पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या आत मेल पोचलेला बरा. मेळावा शनिवारी असेल तर मेल शनिवारी रात्रीच लिहा, आठवण ताजी असते. पण पाठवू नका. जीमेलमध्ये पाठवण्याच्या बटणाशेजारच्या बाणावर `Schedule send` आहे, तिथे सोमवार सकाळची वेळ द्या. मोबाइलवर तेच वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत सापडतं.

व्हिजिटिंग कार्डावर मोबाइल नंबर आहे म्हणून रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपवर "हाय मॅडम" नको. तो नंबर बऱ्याचदा स्वतःचाच असतो आणि त्या वेळी आम्ही घरी भाकरी थापत असतो.

मेल गेला, पण पोचला का?

उत्तर नाही म्हणून खट्टू होण्याआधी तुमचा स्वतःचा इनबॉक्स बघा. पत्ता चुकला असेल तर पाठवल्यावर थोड्याच वेळात `mailer-daemon` कडून एक मेल परत येतो. पोरं तो जाहिरात समजून उडवतात. त्यात `Address not found` किंवा `550 5.1.1` दिसलं, तर त्या नावाचा पत्ता त्या कंपनीत नाही असा अर्थ. कारण बहुतेक वेळा हाताने उतरवलेला पत्ता असतो : इंग्रजी एल आणि एक, ओ आणि शून्य, नाहीतर `.co.in` च्या जागी `.com`. कार्ड असेल तर जागेवरच त्याचा फोटो काढा. हाताने लिहून घेतला असेल तर एकेक अक्षर परत वाचून दाखवा, कुणी रागवत नाही. परत आलेल्या मेलनंतर अंदाजाने पाच पत्त्यांवर मेल सोडू नका. कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून रिसेप्शनला पत्ता विचारा.

काही स्टॉलवर `hr@` किंवा `careers@` ने सुरू होणारा सामाईक पत्ता देतात. तो तीन-चार जण बघतात. तिथे पहिल्याच वाक्यात, तुम्ही कुणाशी बोललात त्यांचं पूर्ण नाव हवं, म्हणजे मेल त्यांच्याकडे सरकवता येतो.

आता बायोडाटा. सगळ्यात जास्त घोळ गूगल ड्राइव्हच्या लिंकचा होतो. लिंक तुमच्या फोनवर उघडते, कारण फाइल तुमचीच आहे. आमच्याकडे "परवानगी मागा" अशी पाटी येते आणि परवानगी मागत बसायला कुणाला वेळ नसतो. बायोडाटा पीडीएफ करून थेट जोडा, दोन पानांच्या फाइलला लिंक कशाला? प्रोजेक्टची मोठी फाइल लिंकनेच द्यायची असेल, तर शेअरिंगमध्ये `Restricted` ऐवजी `Anyone with the link` निवडा, बाजूला `Viewer` ठेवा. मग तीच लिंक ब्राउझरच्या `Incognito` खिडकीत उघडून बघा. तिथे उघडली तर आमच्याकडेही उघडेल.

फाइलचं नाव `resume_final_new(2).pdf` असेल तर आमच्या डाउनलोडमध्ये अशा नावाच्या फाइलींची रांग आधीच असते. तुमचं नाव आणि शाखा एवढं पुरे. आणि पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतं तेही एकदा मित्राला मेल करून तपासा. आठवीत असताना उघडलेल्या खात्यावर "किंग ऑफ कृष्णाकाठ" असं नाव असलेला बायोडाटा मी स्वतः उघडला आहे. मुलगा हुशार होता, पण आमचा अर्धा दिवस हसण्यात गेला.

उत्तर आलं नाही तर

पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या. मग नवा मेल न लिहिता जुन्यालाच उत्तर म्हणून दोन-तीन ओळी लिहा, म्हणजे आधीचं सगळं खाली दिसतं. बायोडाटा पुन्हा जोडा, कारण उत्तर देताना जुनी जोडलेली फाइल सोबत जात नाही. "माझ्या मेलचं काय झालं?" असा सूर नको. मधल्या काळात काही घडलं असेल, निकाल लागला, मायक्रोमीटरवर प्रॅक्टिकल झालं, तर ते लिहा. काही घडलं नसेल तर जागा अजून आहे का, एवढंच विचारा. त्यालाही उत्तर नाही आलं तर थांबा. तिसऱ्या मेलने मला कधी कुणाची फाइल उघडावीशी वाटली नाही.

स्टॉलवर "आमच्या पोर्टलवर अर्ज भरा" असं सांगितलं असेल, तर आधी तो भरा आणि मिळालेला अर्ज क्रमांक मेलमध्ये लिहा. कित्येक कंपन्यांत त्या क्रमांकाशिवाय तुमचं नाव यादीत चढवताच येत नाही, समोरच्याची कितीही इच्छा असली तरी.

कॉलेजमधल्या कॅम्पस ड्राइव्हचं जरा वेगळं. तिथे कंपनी आलेली असते ती प्लेसमेंट ऑफिसच्या निमंत्रणावरून. काय बोलणं झालं ते सांगणारा, आभाराचा मेल एचआरला थेट करायला हरकत नाही. पण "मला का घेतलं नाही", "यादी कधी लागणार" हे प्रश्न प्लेसमेंटच्या सरांमार्फतच जाऊ द्या. एका मुलाने यादीबद्दल मला थेट तक्रारीचा मेल केला आणि सीसीमध्ये आमच्या डायरेक्टरांना घेतलं. त्याचा मुद्दा खरा होता, गुण चढवताना आमच्याकडूनच चूक झाली होती. ती मी दुरुस्त केली. पण त्याच्या सरांना हे माझ्याकडून कळलं आणि पुढचा अर्धा तास मी फोनवर त्यांचीच समजूत काढत होते.