बोलते एक, कॅमेरा दाखवतो दुसऱ्यालाच: मीटिंग रूममधील ऑटो फ्रेमिंग कसे दुरुस्त करावे

आमच्या पुण्यातील कार्यालयात सहा खुर्च्यांची एक मीटिंग रूम आहे. व्हिडिओ कॉलवर तिथला कॅमेरा ऑटो फ्रेमिंग करतो, म्हणजे बोलणाऱ्याला आपोआप शोधून चौकटीत मोठे दाखवतो. तिच्याविषयीची तक्रार नेहमी एकाच स्वरूपाची असे. टेबलाच्या उजव्या बाजूला अगदी शेवटी बसलेल्या सहकारी बोलू लागल्या, की पलीकडच्या लोकांना पडद्यावर डाव्या बाजूचा, टीव्हीजवळ बसलेला आणि कागदांत डोके घातलेला माणूस मोठा होऊन दिसे. कॅमेरा दोनदा बदलून घेण्याचा प्रस्ताव आला होता. प्रत्यक्षात कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. त्याला ऐकू येत होते तेच चुकीच्या दिशेने येत होते. अशी चूक कशी शोधावी आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करावी, हे याच खोलीच्या उदाहरणाने पुढे मांडले आहे.

टीव्हीखाली बसवलेल्या व्हिडिओ बारमध्ये कॅमेऱ्याबरोबर मायक्रोफोनची एक रांग असते. आवाज बाजूने आला, तर तो रांगेतील जवळच्या मायक्रोफोनवर आधी आणि दूरच्या मायक्रोफोनवर किंचित उशिरा पोहोचतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे दोन मायक्रोफोन 10 सेंटीमीटर अंतरावर असतील तर हा फरक जास्तीत जास्त 0.3 मिलिसेकंद इतकाच असतो. एवढ्याशा फरकावरून बार आवाजाचा कोन काढतो, मग चित्रात त्या कोनाजवळ कोणता चेहरा आहे ते पाहतो आणि त्या चेहऱ्याभोवती चौकट धरतो. म्हणजे निर्णय दोन इंद्रियांचा असतो, आधी कानाचा आणि नंतर डोळ्याचा. दुरुस्तीचे पहिले काम यांपैकी कोण चुकते आहे हे ठरवण्याचे असते.

पायरी 1: चूक कानाची की डोळ्याची, हे ठरवा

सेटिंगमध्ये जाऊन बोलणाऱ्याचा मागोवा घेणारी पद्धत बंद करा आणि सर्वांना एका चौकटीत घेणारी पद्धत निवडा. ही पद्धत मुख्यतः चित्रातील माणसे ओळखून चालते. या स्थितीतही चौकट वेडीवाकडी होत असेल, म्हणजे काचेपलीकडे बोळातून जाणाऱ्या माणसाला सामावून घेण्यासाठी ती रुंदावत असेल किंवा काचेतील प्रतिबिंबाला माणूस समजत असेल, तर दोष डोळ्याकडे आहे. सर्वांची चौकट नीट लागत असेल आणि फक्त बोलणाऱ्याला निवडतानाच चूक होत असेल, तर दोष कानाकडे आहे. आमच्याकडे दोन्ही थोडे थोडे होते, पण मुख्य तक्रार कानाची होती.

डोळ्याच्या चुकीवर उपाय सोपा आहे. अनेक उपकरणांत कॅमेऱ्याने कोणत्या हद्दीबाहेरच्या माणसांकडे दुर्लक्ष करावे हे आखून देता येते. ती हद्द काचेच्या आत, खुर्च्यांच्या मागे अर्धा मीटर जागा सोडून आखावी. उपकरणात ही सोय नसेल, तर काचेला बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत दुधी फिल्म लावावी.

पायरी 2: प्रत्येक खुर्चीची चाचणी घ्या आणि लिहून ठेवा

ही पायरी लोक टाळतात आणि मग अंदाजाने बटणे दाबत बसतात. खुर्च्यांना क्रमांक द्या. सर्व खुर्च्यांवर माणसे बसवा, कारण रिकाम्या खोलीत कॅमेऱ्याला चुकीचा चेहरा निवडायला वावच नसतो. आता एकेकाने वर्तमानपत्रातील मजकूर नेहमीच्या आवाजात वीस-पंचवीस सेकंद वाचावा: एकदा कॅमेऱ्याकडे तोंड करून आणि एकदा टेबलापलीकडे समोर बसलेल्या माणसाकडे तोंड करून. टाळ्या वाजवून किंवा टेबल ठोकून चाचणी घेऊ नये, कारण अनेक उपकरणे माणसाचे बोलणे नसलेला आवाज मुद्दाम गाळतात. प्रत्येक वेळी कॅमेरा कोणत्या खुर्चीकडे वळला ते कागदावर नोंदवा. चाचणीच्या वेळी पलीकडून कोणी बोलत नसावे.

आमच्या कागदावर जे उमटले ते बोलके होते. डाव्या बाजूच्या तिन्ही खुर्च्या दोन्ही वेळा बरोबर निघाल्या. उजव्या बाजूच्या खुर्च्या कॅमेऱ्याकडे पाहून बोलताना बरोबर होत्या, पण समोरच्याकडे पाहून बोलताना शेवटची खुर्ची जवळजवळ दर वेळी आणि मधली अधूनमधून चुकत होती. चूक एकाच बाजूची असेल आणि तोंड वळवताच बदलत असेल, तर बहुधा एखादी भिंत आवाज परत पाठवते आहे.

पायरी 3: परावर्तनाची जागा शोधा

आमची खोली 4 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब आहे. बार अरुंद भिंतीच्या मध्यावर, टीव्हीखाली आहे. बारच्या नजरेने पाहिल्यास डावीकडची भिंत संपूर्ण काचेची, तर उजवीकडची कापड लावलेल्या सॉफ्ट बोर्डची आहे. उजवीकडची शेवटची खुर्ची मध्यरेषेपासून सुमारे 0.9 मीटर बाजूला आणि बारपासून 3.9 मीटर खोल आहे. तेथून बारपर्यंत सरळ अंतर 4 मीटर भरते आणि कोन उजवीकडे साधारण 13 अंशांचा होतो. तोच आवाज काचेवर आपटून आला, तर त्याला सुमारे 6.3 मीटर जावे लागते आणि तो डावीकडून जवळपास 50 अंशांच्या कोनातून येतो. त्या बाजूला कॅमेऱ्याला सापडणारा सर्वांत जवळचा चेहरा म्हणजे टीव्हीजवळच्या पहिल्या खुर्चीवरचा, कागदांत डोके घातलेला माणूस.

लांबून आलेला आवाज क्षीण असायला हवा, मग तो सरळ आवाजावर मात कशी करतो? अंतरामुळे होणारी घट येथे सुमारे 4 डेसिबल, म्हणजे बेताचीच आहे. खरा फरक तोंडाच्या दिशेने पडतो. माणसाचा आवाज, विशेषतः व्यंजने स्पष्ट करणारा त्यातील बारीक भाग, समोर सर्वांत जोरात जातो आणि बाजूला कमी होत जातो. समोरच्या सहकाऱ्याकडे पाहून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडापासून बार जवळजवळ काटकोनात होता, तर काचेवरील परावर्तनाची जागा तोंडाच्या रोखापासून 40 अंशांच्या आतच होती. बारला त्यांचा सरळ आवाज दबका आणि काचेवरून आलेला आवाज स्वच्छ मिळत होता.

परावर्तनाची नेमकी जागा शोधायला गणिताची गरज नाही. चुकणाऱ्या खुर्चीवर बसा आणि काचेत पाहा; जेथे तुम्हाला बारचे प्रतिबिंब दिसते, तेथूनच आवाज बारकडे वळतो. काच दिवसा आरपार दिसत असेल, तर संध्याकाळी बोळातील दिवे मालवून पाहा. भिंत काचेची नसून गुळगुळीत रंगवलेली असेल, तर दुसऱ्याने भिंतीवर लहान आरसा सरकवत न्यावा. आमच्याकडे उजव्या बाजूच्या तिन्ही खुर्च्यांसाठी या जागा टीव्हीच्या भिंतीपासून 0.6 ते 1.6 मीटर या पट्ट्यात आल्या.

पायरी 4: तेवढाच पट्टा मऊ करा

संपूर्ण काच झाकण्याची गरज नसते. आम्ही टीव्हीच्या भिंतीपासून 2 मीटरपर्यंत जाड कापडाचा, भरपूर चुण्यांचा पडदा काचेपासून दहा-बारा सेंटीमीटर अंतर सोडून लावला. बोलणाऱ्याचे तोंड आणि बार या दोन्ही उंची पडद्यात येतील एवढी त्याची लांबी हवी. पातळ जाळीचा पडदा येथे निरुपयोगी ठरतो. दुधी फिल्मही आवाज थांबवत नाही. आम्ही आधी फिल्मच लावली होती, तिने बोळातील माणसे अदृश्य झाली आणि मूळ तक्रार जशीच्या तशी राहिली. पडदा लावल्यावर कागदावरची चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा शेवटची खुर्ची बरोबर निघू लागली.

याच वेळी बारच्या बसणीकडेही पाहावे. बार कपाटाच्या कोनाड्यात असेल किंवा त्याच्यासमोर फुलदाणी, फायली, टीव्हीचा रिमोट असे काही ठेवलेले असेल, तर रांगेतील काही मायक्रोफोन झाकले जातात आणि मोजलेला कोन सरकतो. बार फळीच्या पुढच्या कडेशी, शक्यतो खोलीच्या मध्यरेषेवर असावा.

पायरी 5: टेबलावरील मायक्रोफोन

येथे एक गैरसमज महागात पडतो. कॅमेरा चुकीच्या माणसाकडे वळतो म्हणून लोक टेबलावर ठेवायचे जादा मायक्रोफोन विकत आणतात. त्याने पलीकडे आवाज नक्कीच स्पष्ट जातो, कारण तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले की सरळ आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. परंतु ज्या बारमध्ये दिशा ठरवण्याचे काम अंगच्या रांगेवरच चालते, त्यात मागोव्यात काहीही फरक पडत नाही. जादा मायक्रोफोन दिशेसाठी वापरला जातो का, हे खरेदीपूर्वी माहितीपत्रकात पाहावे. दुसऱ्या कंपनीचा मायक्रोफोन वेगळ्या वायरीने संगणकाला जोडला असेल, तर बारला त्याचा पत्ताच नसतो.

मायक्रोफोन ठेवायचाच असेल, तर तो दूरच्या खुर्च्यांच्या मध्ये, प्रत्येक तोंडापासून साधारण एक मीटरच्या आत ठेवावा. लॅपटॉपच्या पंख्याच्या झोतापासून आणि प्रोजेक्टरपासून तो दूर असावा. बैठकीच्या ॲपमध्ये एकच मायक्रोफोन निवडलेला आहे याची खात्री करावी, कारण दोन एकाच वेळी चालू राहिले तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

पलीकडचा माणूस बोलत असताना कॅमेरा इकडेतिकडे भटकत असेल, तर त्याचा आवाज बारच्या स्वतःच्या स्पीकरमधून येतो की टीव्हीच्या, ते तपासावे. बार जो आवाज स्वतः वाजवतो तो त्याला ओळखून वजा करता येतो. टीव्हीने वेगळ्या मार्गाने वाजवलेला आवाज त्याला खोलीतील माणसाचा वाटू शकतो. बैठकीच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून बारच निवडावा.

पायरी 6: शेवटी सेटिंग

मागोव्याचा वेग सर्वांत जास्त ठेवला, तर एखाद्याच्या खोकल्यावर किंवा ‘हो, हो’ म्हणण्यावरही कॅमेरा उडी मारतो. वेग मध्यम किंवा मंद ठेवावा आणि चौकट थोडी सैल निवडावी. सैल चौकटीत कोन काही अंशांनी चुकला तरी बोलणारा चित्रात राहतो. आमच्या खोलीत हे बदल आधी करून पाहिले होते, तेव्हा कॅमेरा चुकीच्याच माणसाकडे, पण जरा सावकाश वळू लागला.

एक मर्यादा पडद्याने किंवा सेटिंगने जात नाही. बारची रांग कोन चांगला सांगते, अंतर नाही. आमच्या उजव्या बाजूच्या मधल्या आणि शेवटच्या खुर्चीच्या कोनांत जेमतेम पाच अंशांचा फरक होता, त्यामुळे या दोघांत कॅमेरा अजूनही कधी कधी घोटाळतो. आम्ही शेवटची खुर्ची हातभर मध्यरेषेकडे सरकवली आणि त्या टोकाला दोनऐवजी तिघे बसणार असतील, तर सर्वांची एकच चौकट ठेवायची असे ठरवले. टेबल हलवले, पडदा धुवायला काढला किंवा उपकरणाचे फर्मवेअर बदलले, की खुर्च्यांची चाचणी त्याच कागदावर पुढच्या रकान्यात पुन्हा घेतली जाते.