लो-कार्ब सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं? या चुका टाळा

सोमवारी एकदम जोशात डाएट सुरू, मंगळवारी दुपारपासून डोकं जड, बुधवारी स्क्रीनकडे बघवत नाही आणि गुरुवारी "जाऊ दे, मला नाही झेपत हे" म्हणून परत भात नि ब्रेड. हे इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कुणी लो-कार्ब सुरू करतोय म्हटलं की मी आधी डोक्याचंच विचारते. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं की टॉक्सिन्स बाहेर पडतायत, सहन कर. टॉक्सिन्स वगैरे काही नाही हो, बऱ्याचदा अंगातलं मीठ आणि पाणी निघून गेलेलं असतं, आणि वर त्याच दिवशी चहा-कॉफी पण बंद केलेली असते.

माझ्या मामेबहिणीचंच सांगते. तिने एकाच सोमवारी भात, ब्रेड, बटाटा, बिस्किटं सगळं बंद केलं, पॅकेटमधलं खारं खाणं बंद, रोजचे चार कप चहा बंद (साखर नको म्हणून चहाच नको), डाएट आहे म्हणून जेवणातलं मीठ पण कमी, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून दिवसाला चार लिटर पाणी. मंगळवारी दुपारी डोकं ठणकायला लागलं, खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, दर तासाला लघवीला आणि तीही पाण्यासारखी. बुधवारी सकाळी वजन दीड किलो कमी! तिला वाटलं चरबी गेली, त्यामुळे डोकं दुखतंय म्हणजे डाएट काम करतंय असा तिचा समज झाला.

ते दीड किलो बहुतेक पाणी होतं. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून कार्ब साठवतं, सगळं मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब बंद केले की पहिल्या दोन-तीन दिवसात हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटं होतं. दुसरं म्हणजे कार्ब कमी झाले की इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिन कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवायचं सोडते, ते लघवीतून जातं आणि जाताना पाणी घेऊन जातं. अगदी कमी खाऊन केलेल्या क्रॅश डाएटमध्ये पण हेच होतं. म्हणून लघवी वाढते, रक्तातला द्रव कमी होतो, उठल्यावर चक्कर येते आणि डोकं धरतं.

आता पहिली मोठी चूक, तहान लागली की नुसतं साधं पाणी ढोसत राहणं. मीठ जातंय आणि तुम्ही वरून फक्त पाणी ओतताय, म्हणजे उरलेलं सोडियम अजून पातळ. तहानेपुरतं प्या, लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे, एकदम पारदर्शक करायची काही गरज नाही. लिटर मोजून जबरदस्तीने पिताय आणि डोकं वाढतंय, मळमळतंय, तर पाणी वाढवू नका, थांबा.

दुसरी, मीठ कमी करणं. पॅकेटमधलं आणि बाहेरचं खाणं बंद झालं की मीठ आपोआपच खूप कमी होतं, कारण बऱ्याच जणांचं मीठ तिथूनच येत असतं. या आठवड्यात जेवणात नेहमीसारखं मीठ ठेवा, आणि चक्कर नि डोकेदुखी असेल तर पाव छोटा चमचा मीठ (म्हणजे साधारण दीड ग्रॅम) एक मोठा कप गरम सूपमध्ये घालून घ्या, लागलं तर संध्याकाळी अजून एकदा. चमचा चहाचा छोटा आणि सपाट भरलेला, जेवणाचा मोठा नाही! तासाभरात डोकं हलकं झालं, उठल्यावर गरगरणं कमी झालं तर दुखणं मिठाचंच असण्याची शक्यता जास्त. हे पहिल्या आठवड्यापुरतं, कायमची सवय नाही. आणि ज्यांना बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे वाचून स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि ती डाएटच्या खात्यावर नाहक जाते. चहा-कॉफी अचानक बंद केली की १२ ते २४ तासात कॅफीनचं डोकं सुरू होतं, एक-दोन दिवसात जोर धरतं आणि आठवडाभरही रेंगाळू शकतं. म्हणजे वेळापत्रक अगदी लो-कार्बच्या डोकेदुखीसारखंच, म्हणून ओळखता येत नाही. बिनसाखरेचा एक कप चहा किंवा कॉफी घ्या, तासाभरात डोकं उतरलं तर कारण सापडलं. साखर सोडायची तर साखर सोडा, चहा कशाला त्याच दिवशी सोडायचा? सोडायचाच असेल तर डाएटच्या आधीच दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत या.

उपाशी राहिल्याचं डोकं वेगळं. ते बराच वेळ पोटात काही नसलं की येतं आणि खाल्लं की हळूहळू जातं. कार्ब काढले पण त्याजागी काहीच खाल्लं नाही, वर दोन जेवणं पण गाळली, तर ते लो-कार्ब नाही, उपास झाला. अंडी, पनीर, मासे, दाणे, भाज्या आणि थोडं तेल-तूप, जे चालत असेल ते पोटभर खा, वजनाची घाई पुढच्या आठवड्यात करा.

रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन घेऊ नका प्लीज. अंगात पाणी कमी असताना ते पोटाला आणि किडनीला दोन्हीला जड जातं.

डायबेटिसवाल्यांसाठी वेगळं सांगते कारण इथे गंमत नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना कार्ब काढले तर डोकेदुखी, घाम, थरथर ही शुगर खाली गेल्याची खूण असू शकते, लगेच शुगर तपासा आणि कमी असेल तर डाएट बाजूला ठेवून गोड घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्यांवर लो-कार्ब केलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात धोकादायक आम्ल वाढू शकतं, त्यामुळे डोस ठरल्याशिवाय सुरूच करू नका. बीपीच्या गोळ्यांवर असाल तरी आधी विचारा, पाणी गेल्यामुळे बीपी जास्तच खाली येऊ शकतं.

अचानक आलेलं असह्य डोकं, सोबत ताप, मान आखडणं, बोलणं अडखळणं, एका बाजूला कमजोरी, गोंधळल्यासारखं होणं, सारख्या उलट्या, यातलं काहीही असेल तर सूप करत बसू नका, थेट हॉस्पिटल. आणि साधं डोकं पण आठवड्याच्या पुढे गेलं तर डाएटला दोष न देता दाखवून घ्या.

मामेबहिणीला बीपी-शुगर काही नव्हतं, तर बुधवारी दुपारी तिला मिठाचं सूप दिलं, गरगरणं तासाभरात गेलं पण डोकं अर्धंच उतरलं. चार वाजता बिनसाखरेचा चहा दिला आणि पाचपर्यंत उरलेलं पण गेलं, म्हणजे दोन्ही कारणं होती. पाणी तहानेवर आणलं, चहा दोन कपांवर ठेवला आणि शनिवारपासून वरचं मीठ बंद केलं. वजनात त्यातलं अर्धा किलो परत आलं म्हणून ती माझ्यावर चिडली होती, ते पाणी होतं हे तिला अजून पटलेलं नाही.