आयातदाराचा फॉरवर्ड करार: सेटलमेंटचा नफा-तोटा नेमका कोणत्या दराशी ताडायचा?

पुण्यातल्या एका कारखान्याने अमेरिकेतून यंत्र मागवलं आहे. 1,00,000 डॉलर तीन महिन्यांनी द्यायचे आहेत, आणि त्या दिवसाचा दर आजच पक्का करण्यासाठी कारखाना बँकेशी फॉरवर्ड करार करतो. बँकेचा आजचा स्पॉट दर 83.20/83.25 आहे, म्हणजे बँक डॉलर 83.20 ने घेते आणि 83.25 ने विकते, आणि तीन महिन्यांचे फॉरवर्ड पॉइंट 40/45 आहेत. (आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.)

पॉइंट चढते असले की मिळवायचे, उतरते असले की वजा करायचे. इथे 40 पैसे आणि 45 पैसे मिळवून फॉरवर्ड दर 83.60/83.70 येतो. आयातदार डॉलर विकत घेतो, म्हणजे बँक विकते, म्हणून मोठा दर लागू होतो: 83.70. देणं 83,70,000 रुपयांवर पक्कं झालं. दिशेचा गोंधळ उडत असेल तर एवढंच धरून चाला की दोन दरांपैकी ग्राहकाला महाग पडेल तो दर बँक लावते.

आता सेटलमेंट. गणित चुकतं ते इथेच, आणि त्याला बरीचशी जबाबदार अर्धवट लिहिलेली गाईडं आहेत. तीन महिन्यांनी डॉलर 84.50/84.55 झाला असं धरा. बरेच जण 84.55 मधून करार केला त्या दिवसाचे 83.25 वजा करून 1,30,000 रुपये नफा लिहितात. तसं करू नका. 83.25 हा दर तीन महिन्यांनंतरच्या डॉलरसाठी कधी मिळणारच नव्हता. तो आणि 83.70 यांतला 45 पैशांचा फरक म्हणजे प्रीमियम. रुपयाचं व्याज डॉलरच्या व्याजापेक्षा जास्त असल्यामुळे तो पडतो. या व्यवहारात प्रीमियम 45,000 रुपये झाला. हा संरक्षणाचा खर्च आहे, बाजार कुठेही गेला तरी तो लागतोच, आणि तो वेगळा दाखवायचा.

खरी तुलना एकच: करार नसता तर त्या दिवशी काय मोजावं लागलं असतं? 84.55 ने 84,55,000 रुपये. करारामुळे 83,70,000 दिले, म्हणजे 85,000 वाचले. उलट डॉलर 82.90/82.95 वर उतरला, तर कराराविना 82,95,000 पुरले असते, म्हणून 75,000 रुपयांचा तोटा लिहायचा. हा तोटा लिहिताना उत्तरात एक ओळ जरूर घाला की दोन्ही वेळा खिशातून गेलेली रक्कम 83,70,000 एवढीच आहे. तोटा आहे तो हुकलेल्या स्वस्ताईचा. तो पाहून ‘हेजिंग चुकलं’ असा निष्कर्ष काढणारी उत्तरं मला अजिबात पटत नाहीत. यंत्राची किंमत आधी ठाऊक असावी म्हणून करार केला होता आणि ती ठाऊक राहिली.

पुढचा प्रश्न याहून अवघड. माल आलाच नाही आणि करार रद्द करावा लागला तर? दर तोच, 82.90/82.95. घाईत विद्यार्थी पुन्हा 75,000 लिहून मोकळे होतात. पण आता भूमिका उलटली आहे. बँकेने 83.70 ने विकलेले डॉलर ग्राहक तिलाच परत विकतो आहे, आणि बँक खरेदी करते ती छोट्या दराने, 82.90 ने. फरक 80 पैसे, म्हणून ग्राहकाने बँकेला 80,000 रुपये भरायचे. बँकेचं शुल्क वेगळं. डॉलर 84.50/84.55 असता तर रद्द करताना 84.50 उणे 83.70 असे 80,000 रुपये ग्राहकाला मिळाले असते, 85,000 नाहीत. दर तेच असूनही उत्तर 5,000 रुपयांनी बदलतं ते एवढ्याचसाठी. म्हणून आकडेमोडीआधी समासात ‘डॉलर घेतले’ किंवा ‘करार रद्द’ असं लिहून ठेवा. घेतले असतील तर त्या दिवसाच्या विक्री दराशी ताडा, रद्द असेल तर खरेदी दराशी.

परीक्षेत आणि धंद्यातही पुष्कळदा दोन्ही एकत्र येतं. समजा बिल 80,000 डॉलरचंच आलं आणि डॉलर 82.90/82.95 वर आहे. 80,000 डॉलर 83.70 ने घेतले: 66,96,000 रुपये. उरलेले 20,000 डॉलर रद्द, प्रत्येकी 80 पैसे: 16,000 रुपये. एकूण खर्च 67,12,000. कराराविना 80,000 डॉलर 82.95 ने 66,36,000 ला पडले असते. तोटा 76,000 रुपये. पडताळा घ्यायचा तर 80,000 गुणिले 75 पैसे म्हणजे 60,000, त्यात 16,000 मिळवा. यातले 60,000 दर उतरल्यामुळे गेले. 16,000 मात्र देणं पक्कं होण्याआधी जास्त डॉलरचा करार केल्यामुळे गेले, आणि ते खरोखर खिशातून गेले. म्हणून ऑर्डरची रक्कम हलण्याची शक्यता असेल तिथे मी पुऱ्या रकमेचा करार करायला सांगत नाही. जेवढं देणं नक्की आहे तेवढ्याचाच करावा.