निम्मे खरे, निम्मे फुगवलेले: कारणे दाखवा नोटिशीच्या खुलाशाची तयारी

नोटीस हातात पडली की पोचेच्या सहीखाली तारीख आणि वेळ लिहा. मुदत बहुधा नोटीस मिळाल्यापासून मोजतात, नोटिशीवरच्या तारखेपासून नाही. पण ही तारीख लिहिलेली नसली तर तुमचे दोनतीन दिवस वाया जातात. मग नोटिशीत कोणत्या नियमाचा उल्लेख आहे ते पाहा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला नियम १० दिसला तर हे साधं विचारणं नाही. तुमचा खुलासा वाचून, सविस्तर विभागीय चौकशी न करताही, ठपका किंवा वेतनवाढ रोखण्यासारखी किरकोळ शिक्षा होऊ शकते. नियमाचा उल्लेखच नसेल तरी हा कागद नस्तीत राहतो आणि उद्या दोषारोपपत्र निघालं तर पुन्हा बाहेर येतो.

समजा, तहसील कार्यालयातल्या एका लिपिकाला नोटीस आली आहे: "आपण मागील तीन महिन्यांत सतत उशिरा येता, ४० अर्ज हेतुपुरस्सर प्रलंबित ठेवले आहेत व अभ्यागतांशी उद्धटपणे वागता. आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा ७ दिवसांत सादर करावा." उत्तराचा पहिला शब्द लिहिण्याआधी हे वाक्य फोडायचं. उशीर, अर्ज, वागणूक हे तीन आरोप. 'सतत', 'हेतुपुरस्सर', 'उद्धटपणे' ही क्रियाविशेषणं वेगळ्या रकान्यात. फुगवटा बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता कागद. हजेरीपट, हालचाल नोंदवही, कार्यविवरण नोंदवही आणि अतिरिक्त कार्यभाराचा आदेश यांच्या प्रती लेखी अर्जाने मागा. अभ्यागताची तक्रार असेल तर तिचीही. प्रती मिळेपर्यंत मुदतवाढ हवी असेल तर तीही त्याच अर्जात, मुदत संपण्याआधी. तोंडी 'बघू' म्हटलेलं नस्तीत दिसत नाही.

आपल्या लिपिकाच्या हजेरीपटावर ९ दिवस उशिराची खूण निघाली. त्यातले २ दिवस तो कार्यालयाच्याच कामाने न्यायालयात गेला होता, तशी हालचाल नोंदवहीत नोंद आहे. उरले ७. पैकी ४ दिवसांना आईच्या दवाखान्याचे कागद आहेत, ३ दिवसांना काहीच नाही. त्या ३ दिवसांसाठी कारण शोधत बसू नका. एक बनावट वाटणारं कारण उरलेल्या सगळ्या खऱ्या कागदांवर पाणी फिरवतं.

अर्जांचं चित्र आणखी बोलकं निघतं. ४० पैकी २३ अर्ज तलाठ्याच्या अहवालासाठी पाठवलेले आहेत, ६ टिपणीसह साहेबांकडे सादर आहेत आणि ११ खरोखर त्याच्या टेबलावर आहेत. हा तक्ता जावक क्रमांक आणि तारखांसह खुलाशाला जोडायचा. ६ अर्जांबद्दल 'सादर दिनांक' एवढंच लिहा. साहेबच दाबून बसलेत, हा सूर नको. उत्तर वाचणारे बहुधा तेच असतात.

मसुद्यात दोन टोकं टाळा. 'सर्व आरोप खोटे व बिनबुडाचे आहेत' असं लिहिलं की हजेरीपट समोर ठेवून तुम्हालाच खोटं पाडता येतं. आणि 'चूक झाली, माफी असावी' असं मोघम लिहिलं की ४० च्या ४० अर्ज गळ्यात. म्हणून कबुलीला त्याच वाक्यात कुंपण घाला, म्हणजे पुढे कुणी अर्धंच वाक्य उचलून वापरू शकणार नाही. असं: "जोडपत्र २ मध्ये नमूद ११ अर्ज माझ्याकडे प्रलंबित होते हे मान्य असून, त्या काळात माझ्याकडे दुसऱ्या संकलनाचा अतिरिक्त कार्यभार होता; मात्र ते हेतुपुरस्सर प्रलंबित ठेवले, हे मला मान्य नाही." घटना मान्य करा, तिच्यावर लावलेला निष्कर्ष नाही. 'वर्तणूक नियमांतील नियम ३ चा भंग झाला हे मान्य' असं तर कधीच लिहू नका. भंग झाला की नाही, हे ठरवणं त्यांचं काम आहे. ११ पैकी खुलाशाच्या तारखेपर्यंत किती निकाली काढले, तेही लिहा. माझ्या मते मोठ्या दिलगिरीपेक्षा हा आकडा जास्त काम करतो.

उद्धटपणाचा आरोप तारीख आणि नाव न देता केलेला असेल तर तो नाकारून तपशील मागा. गप्प राहिलात तर मान्य आहे असा अर्थ निघू शकतो. शेवटी 'वर स्पष्टपणे मान्य केलेल्या बाबी वगळता उर्वरित सर्व आरोप अमान्य आहेत' हे वाक्य, आणि समक्ष म्हणणं मांडण्याची संधी मिळावी व नोटीस निकाली काढावी ही विनंती.

जोडपत्रांवर क्रमांक टाका, प्रत्येक पानावर सही करा. खुलासा साहेबांच्या हातात न देता आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घेऊनच निघा.