निकालानंतरचा प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा तक्ता: या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत पोरं मोबाईलवर गूगल शीट उघडून प्रवेशाचा तक्ता बनवतात. तक्ता करावाच. पण बहुतेकांचा तक्ता तीन रकान्यांतच संपतो: कागदाचं नाव, 'आहे' किंवा 'नाही', आणि फॉर्मची शेवटची तारीख. दरवर्षी पोरं अडकतात ती याच तीन रकान्यांमुळे.

कागदापुढे नुसतं 'आहे' लिहिणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. ओबीसी, वडिलांची कोरडवाहू शेती, सीईटीत चांगले पर्सेंटाइल, इंजिनिअरिंगला जायचं. तिच्या तक्त्यात आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन क्रीमी लेयर दाखल्यापुढे हिरवी खूण होती. मी विचारलं, "मुदत पाहिली का?" तर म्हणे, "भाऊ, दाखला हाये ना आपल्याजवळ, मागच्या सालीच काढला." दाखला होता, पण त्याची मुदत त्याच वर्षीच्या 31 मार्चला संपलेली होती. प्रवेशासाठी मुदत पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत असावी लागते. म्हणजे 2026-27 च्या प्रवेशाला 31 मार्च 2027 पर्यंत चालणारा दाखला पाहिजे.

फॉर्मच्या छाननीत तिचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला. मग सेतूवर धाव. नवीन अर्ज केल्याची पावती लावून फॉर्म कन्फर्म झाला आणि घरच्यांना वाटलं, काम झालं. पण पावतीवर फक्त वेळ मिळते. मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत द्यावाच लागतो. इकडे नॉन क्रीमी लेयरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि तिच्या अर्जात एकाच वर्षाचा जोडलेला होता. अर्ज त्या कारणाने परत आला, आणि ते घरी कळायला आठवडा गेला, कारण मोबाईल नंबर सेतूवाल्याचा टाकलेला होता. तलाठ्याचा अहवाल मिळेपर्यंत तारीख निघून गेली. आरक्षणाचा दावा गेला आणि नाव खुल्या प्रवर्गात धरलं गेलं. तिच्या गुणांना ओबीसीतून जे सरकारी कॉलेज मिळालं असतं, ते खुल्यातून मिळालं नाही.

म्हणून माझ्या तक्त्यात 'आहे' हा रकानाच नाही. त्या जागी 'मुदत कधी संपते' असतं, आणि तिथे दाखला हातात धरून, त्यावर छापलेली तारीख वाचूनच लिहायची. आठवणीतून लिहायची नाही. नॉन क्रीमी लेयर एक वर्षाचा असू शकतो तसा तीन वर्षांचाही असू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याचा चालतो म्हणून आपला चालेलच असं नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'आधीच काढून ठेवला' म्हणून खूश असलेल्यांचा दाखला बहुतेक वेळा 31 मार्चलाच संपतो आणि निकालाच्या वेळी परत रांगेत उभं राहावं लागतं. उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागल्यावर काढा.

शीटमधली तारीख ही तारीख आहे का, हे न तपासणं

हुशार पोरं इथे फसतात. एखाद्याने मुदत तपासायला असं सूत्र टाकलेलं असतं:

```
=IF(D2<DATE(2027,3,31),"नवा काढा","चालेल")
```

दिसायला बरोबर. पण मुदतीच्या D2 या चौकटीत 31.03.26 असं टिंब देऊन लिहिलं किंवा देवनागरी आकडे वापरले, तर शीट त्याला बऱ्याचदा तारीख न मानता साधा मजकूर मानतं. आणि तुलनेत मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. मग मुदत संपलेल्या दाखल्यापुढेही 'चालेल' उमटतं. हे ओळखायची सोपी खूण आहे: तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल तर खरी तारीख रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. सूत्र असं ठेवा:

```
=IF(AND(ISNUMBER(D2),D2>=DATE(2027,3,31)),"चालेल","नवा काढा")
```

आता शंका आली तर शीट 'नवा काढा' म्हणेल, आणि या कामात तेच पाहिजे.

दुसरी गोम शीटच्या सेटिंगमधली. File मधल्या Settings मध्ये Locale जर United States असेल, तर फी भरायची तारीख म्हणून लिहिलेली 05/07/2026 ही 7 मे होऊन बसते. तारखांप्रमाणे लावलं की ती ओळ 'होऊन गेलेल्या'त सगळ्यात वर जाते आणि कोणी पाहत नाही. Locale मध्ये India निवडा, आणि हे पहिली तारीख लिहायच्या आधी करा. एकदा चुकीची वाचलेली तारीख सेटिंग बदलल्यावर आपोआप सुधारत नाही. कोणाची तरी तयार शीट कॉपी करून घेणाऱ्यांना मी हेच सांगतो: तयार शीट घेऊ नका, स्वतः बनवा. अर्धा तास लागतो, पण कोणता रकाना कशासाठी आहे ते कळतं.

फक्त शेवटची तारीख लिहिणं

शेवटच्या तारखेच्या मागे दुसरी एक तारीख असते, कागदासाठी अर्ज करायची. मी नॉन क्रीमी लेयरसाठी तीन आठवडे आणि त्रुटी निघाली तर वर एक आठवडा धरतो. जूनमध्ये पेरणी असते, सेतूवर गर्दी असते, लाइट जाते, सर्व्हर बसतो. म्हणून ही मागची तारीख मी ठळक लाल करतो आणि फॉर्मची तारीख साधी ठेवतो. जात वैधता प्रमाणपत्राचं काम तर अकरावी-बारावीतच उरकायचं. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधण्यात महिने जातात.

जागा मिळाल्यावर दोन तारखा वेगळ्या लिहा: जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरायची आणि कॉलेजला प्रत्यक्ष हजर व्हायची. स्वीकृती भरली म्हणजे प्रवेश झाला असं समजून घरी बसलेल्यांच्या जागा गेलेल्या आहेत. वेळही लिहा, नुसता दिवस नको.

बँकेत आधार दिलं म्हणजे झालं असं समजणं

महाडीबीटी पोर्टलवरच्या सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे पासबुकावरच्या खात्यात येत नाहीत. तुमचा आधार एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे ज्या एकाच खात्याशी जोडलेला आहे, तिथे येतात. कोणी मोबाईलच्या दुकानात बसून नवीन खातं उघडून दिलं असेल, तर जोडणी तिकडे सरकलेली असू शकते. myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपी टाकून Bank Seeding Status पाहा आणि तिथे दिसलेली बँक तक्त्यात लिहा. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत तर केंद्राचा 60 टक्के वाटा थेट याच खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती बियाण्या-खतात गेली तर कॉलेज मुलाकडेच मागतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच ठेवा. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर स्वतःचाच द्या.

'अर्ज भरला' लिहून ओळ बंद करणं

महाडीबीटीचा अर्ज भरल्यावर कॉलेजच्या क्लार्ककडे, प्राचार्यांकडे आणि मग संबंधित विभागाकडे जातो. यातला कोणीही तो त्रुटी दाखवून तुमच्याकडे परत पाठवू शकतो, आणि मेसेज येईलच याचा भरवसा नाही. म्हणून शेवटचा रकाना 'सध्या कोणाकडे' असा ठेवा. मी सोमवारी सकाळी लॉगिन करून तो बदलतो. दोन सोमवार तेच नाव दिसलं, तर अर्ज क्रमांक कागदावर लिहून कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जातो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची ओळ आत्ताच खाली जोडून ठेवा.