क्लेम नाकारल्याचं पत्र तीन ओळींत उतरवा

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याचं पत्र दोन पानी असतं, पण कामाच्या गोष्टी तीनच. त्या कोऱ्या कागदावर उतरवा.

१. कारण: पत्रातलंच वाक्य जसंच्या तसं लिहा, आपला अर्थ लावू नका. उदा. ‘दाखल करणं केवळ तपासण्यांसाठी होतं.’

२. कलम: त्याच्या आसपास Excl04 सारखा कोड सापडेल. तो पॉलिसीच्या पुस्तिकेत शोधून पूर्ण वाचा. Excl04 म्हणजे मुख्यतः तपासण्यांसाठी झालेलं दाखल होणं. मग तापाच्या रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक दिली असतील, तर उपचारही झाले, तोच तुमचा मुद्दा. हॉस्पिटलकडून औषधांचा रोजचा तक्ता मागून घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डात हे बरेचदा निसटतं. पत्रात कलमच नसेल, तर आधी तेच लेखी विचारा. नियमाने कंपनीला पॉलिसीतली अट दाखवावीच लागते.

३. अपील: प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, सोबत तो तक्ता आणि डॉक्टरांचं पत्र. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. एजंटाच्या फोनवरच्या ‘बघतो’ला तक्रार समजू नका, तक्रार क्रमांक हवाच.

एक जपा: लोकपालाकडे जायला कंपनीने तुमची तक्रार नाकारल्यापासून एक वर्षाचीच मुदत असते, म्हणून त्या उत्तराची तारीख त्याच कागदावर वर लिहून ठेवा.