घाऊक खरेदीचा रोल-प्ले: दोन्ही बाजूंच्या गुप्त सूचना कशा लिहाव्यात

वाटाघाटींचा रोल-प्ले लिहायला बसलं की लोक आधी संवाद लिहितात. ते करू नका. पानभर संवाद हातात पडले की दोघं ते वाचून दाखवतात आणि घासाघीस होतच नाही. सुरुवातीचं एकेक वाक्य द्या, तेवढं पुरे. खरं काम आहे ते दोन गुप्त कागदांचं.

दोघांनाही मिळणारा सामाईक कागद पाच-सहा ओळींचा असावा. उदाहरणार्थ: एका प्रशिक्षण केंद्राला ४०० खुर्च्या हव्या आहेत, कारखान्याने नगाला १,२०० दर सांगितला आहे, आणि आज दर व माल पोचवण्याच्या तारखा ठरवायच्या आहेत.

आता गुप्त सूचना. इथे सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "खरेदीदाराला कमाल दर सांगा, विक्रेत्याला किमान दर सांगा." एवढंच दिलंत तर दोघं मधला आकडा गाठून पाच मिनिटांत मोकळे होतात. मर्यादा आयती देऊ नका. ती ज्यातून निघते ती परिस्थिती द्या. खरेदीदाराच्या कागदावर असं लिहा:

"दुसऱ्या कारखान्याचं लेखी कोटेशन आहे: नगाला १,०८०, पण सगळा माल आठ आठवड्यांनी. तुमचे वर्ग पाच आठवड्यांनी सुरू होतात. तेव्हा फक्त १५० खुर्च्या लागतील, उरलेल्या दहाव्या आठवड्यापर्यंत आल्या तरी चालतील. तिकडून माल घेतला, तर मधल्या तीन आठवड्यांसाठी १५० खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतील. त्याचे १२,०००."

हे भाडं ४०० नगांवर वाटलं की नगामागे ३० येतात. म्हणजे त्याची खरी मर्यादा १,११०. हा हिशेब त्याचा त्यानेच करायचा. स्वतः काढलेली मर्यादा माणूस बोलताना सोडत नाही. कागदावर छापून आलेली मात्र दबाव आला की सैल होते.

विक्रेत्याचा कागद:

"एक व्यापारी हाच सगळा माल १,०२० दराने घ्यायला तयार आहे, त्याला घाई नाही. रद्द झालेल्या ऑर्डरच्या १८० खुर्च्या गोदामात तयार आहेत. उरलेल्या २२० नेहमीच्या कामात नवव्या आठवड्यात होतील. त्या पाच आठवड्यांत हव्या असतील तर ओव्हरटाइमचे नगामागे ६० जादा पडतील."

खरी खुबी या दोन कागदांच्या जोडणीत आहे. खरेदीदार "सगळा माल पाच आठवड्यांत द्या" म्हणाला, तर विक्रेत्याचा खर्च १३,२०० ने वाढतो आणि त्याची किमान मर्यादा १,०२० वरून १,०५३ वर जाते. पण "आधी किती लागतील?" एवढं कोणी विचारलं, तर १५० खुर्च्या गोदामातून लगेच निघतात, बाकीच्या सावकाश येतात आणि ते १३,२०० वाचतात. दोघांपैकी कुणाचंही नुकसान न होता. विचारल्याशिवाय सापडत नाही अशी एक तरी गोष्ट कागदांत पेरलेली हवीच. नसेल तर तो नुसता भावाचा खेळ होतो.

"तुम्ही आक्रमक आहात", "तुम्हाला राग लवकर येतो" असं अजिबात लिहू नका. लोक मग अभिनय करत बसतात आणि आकडे बाजूला पडतात. दुसरं, समोरचा काय विचारेल याचा अंदाज घ्या आणि त्याचं उत्तर कागदात ठेवा. "तयार माल किती आहे?" याचं उत्तर विक्रेत्याकडे नसेल, तर तो जागच्या जागी काहीतरी रचून सांगतो, आणि मग तुमची आकडेमोड कोलमडते. म्हणून दोन्ही कागदांच्या तळाशी एक ओळ हवी: "माहिती सांगायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण खोटी सांगू नका आणि नवी रचू नका."

वाचायला दहा मिनिटं, बोलायला वीस. कागद एकमेकांना दाखवू द्यायचे नाहीत.

वेळ संपली की प्रत्येकाला ठरलेला दर आणि तारखा स्वतंत्रपणे लिहायला लावा. एकाच जोडीच्या दोन चिठ्ठ्यांत फरक निघाला, तर चर्चा तिथूनच सुरू करा. "बाकीचा माल नंतर" म्हणजे एकाच्या मते सातवा आठवडा, दुसऱ्याच्या मते दहावा, हे नेहमी घडतं. त्यानंतरच गुप्त कागद उघडा.

पहिल्यांदा वापरताना तीन-चार जोड्यांचे निकाल शेजारी ठेवून बघा. सगळ्यांचे दर जवळपास सारखे आले आणि माल टप्प्याटप्प्याने घ्यायचं कुणालाच सुचलं नाही, तर चूक खेळणाऱ्यांची नाही. तारखांची गरज कागदात पुरेशी ठसठशीत नाही. अशा वेळी दराला हात लावू नका. भाड्याची रक्कम १२,००० वरून २०,००० करा. मर्यादा १,१३० होईल आणि खरेदीदार तारखांचा विषय आपणहून काढेल.